ओठ बधिर, दाढ मात्र जागी: निरोपाच्या दिवशी नव्या दंतवैद्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो,

निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाने निरोपाच्या भाषणात संयमाविषयी आणि आयुष्यभर शिकत राहण्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. ती मी पूर्ण करणार आहे, पण हे दोन शब्द नुसते उच्चारून थांबण्याची माझी इच्छा नाही. आजपर्यंत रुग्ण कळवळला की तुम्ही मान वळवून मला शोधत होता. यापुढे खुर्चीशेजारी मी नसेन. म्हणून आज मी एकच काम पायरीपायरीने सांगणार आहे: रात्रभर ठणकणारी खालची पहिली दाढ रूट कॅनलसाठी बधिर कशी करायची. हे काम मी मुद्दाम निवडले आहे, कारण नव्या दंतवैद्याची घाई सर्वांत आधी येथे उघडी पडते, संयम येथे घड्याळात मोजता येतो, आणि याच कामाविषयी माझ्या पिढीला जे शिकवले गेले त्यातील बरेचसे पुढे बदलावे लागले.

एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. वय पस्तीसच्या आसपास, वजन 55 किलो, इतर कोणताही आजार नाही, कोणतेही औषध चालू नाही. उजव्या बाजूची खालची पहिली दाढ दोन रात्री ठणकते आहे, थंड पाणी लागले की कळ उठते आणि ती बराच वेळ जात नाही. एक्स-रेमध्ये कीड दाताच्या गरापर्यंत पोहोचलेली दिसते. गराला आलेली सूज आता परतणार नाही, असे निदान तुम्ही केले आहे.

पायरी पहिली: सुई उचलण्याआधी दाढेची आजची स्थिती नोंदवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कापसाच्या लहान बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो बोळा आधी दुसऱ्या बाजूच्या निरोगी दाढेवर ठेवा. रुग्णाला थंडावा जाणवेल आणि बोळा काढताच काही सेकंदांत तो ओसरेल. मग तोच प्रयोग दुखणाऱ्या दाढेवर करा. कळ उठेल आणि बोळा काढल्यावरही रेंगाळत राहील. किती सेकंद रेंगाळली ते लिहून ठेवा.

याची गरज दोन कारणांसाठी आहे. पहिले म्हणजे निदान पक्के होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: दाढ बधिर झाली की नाही हे इंजेक्शननंतर तुम्ही याच थंड बोळ्याने ठरवणार आहात. दाढेचा गर आधीच मृत झालेला असेल, तर ती थंडाला इंजेक्शनच्या आधीही प्रतिसाद देणार नाही, आणि मग नंतरच्या चाचणीतून काहीच कळणार नाही.

याच वेळी औषधाचे गणित करून ठेवा, कारण पुढे गडबडीत ते होत नाही. 2 टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. 1.8 मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये 36 मिलिग्रॅम औषध असते. दर किलो वजनाला 4.4 मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर 55 किलोच्या या रुग्णाला एकूण 242 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे साडेसहा कार्ट्रिज चालतील. हा निरोगी प्रौढाचा हिशेब आहे. लहान मूल, वृद्ध, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असलेला रुग्ण समोर असेल, तर आकडा नव्याने आणि कमीच धरून काढावा लागतो.

पायरी दुसरी: इंजेक्शन सावकाश द्या

खालच्या जबड्याची नस हाडात शिरते त्या जागेजवळ औषध सोडायचे, ही ब्लॉकची पद्धत फार जुनी आहे. विल्यम हाल्स्टेड यांनी 1884-85 च्या सुमारास कोकेन वापरून ती प्रथम केली. त्यानंतर औषधे बदलली, सुया बदलल्या, मार्ग मात्र बव्हंशी तोच राहिला. प्रौढ माणसात सुई साधारण 20 ते 25 मिलिमीटर आत गेल्यावर हाडाला हलकेच टेकली पाहिजे. फार लवकर हाड लागले, तर तुम्ही पुढे आहात; सुई थोडी मागे घ्या आणि सिरिंजची दिशा बदला. हाड लागलेच नाही, तर तुम्ही मागे गेला आहात, आणि तेथे औषध सोडले तर ते लाळग्रंथीत शिरून चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडू शकते. हाड लागल्याशिवाय औषध सोडायचे नाही आणि सुई कधीही मुळापर्यंत आत घालायची नाही, हे दोन नियम माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने पाळावेत.

हाडाला टेकल्यावर सुई मिलिमीटरभर मागे घ्या आणि दट्ट्या ओढून रक्त येते का ते पाहा. या ब्लॉकमध्ये साधारण दहात एकदा किंवा त्याहून थोडे अधिक वेळा रक्त येते, त्यामुळे ‘माझ्या हाताला कधीच येत नाही’ असे म्हणणारा डॉक्टर बहुधा दट्ट्या नीट ओढतच नसतो. रक्त आले तर सुई थोडी हलवा, पुन्हा ओढून पाहा आणि मगच औषध सोडा.

एक कार्ट्रिज रिकामे करायला किमान एक मिनिट लागले पाहिजे, दोन लागली तर अधिक चांगले. एका मिनिटाचा तुमचा अंदाज भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. नवख्या हाताचे मिनिट पंधरा-वीस सेकंदांत संपते. घाईने ढकललेले औषध ऊती फाडत जाते, दुखते, आणि एकदा दुखले की घाबरलेला रुग्ण पुढचा साधा स्पर्शही वेदना म्हणून सांगू लागतो.

पायरी तिसरी: थांबा, आणि थांबताना काय करायचे ते ठरवून ठेवा

इंजेक्शन संपले ती वेळ कागदावर लिहा. समजा दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. पाच मिनिटांच्या आसपास रुग्ण सांगेल की ओठाला मुंग्या आल्या, ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. नेमक्या याच क्षणी तरुण डॉक्टरचा हात हँडपीसकडे जातो. तो आवरा. दाढेच्या गरापर्यंत परिणाम पोहोचायला दहा ते पंधरा मिनिटे लागू शकतात, आणि काही रुग्णांत त्याहूनही अधिक. ओठ बधिर होणे याचा अर्थ औषध योग्य नसेजवळ पडले, एवढाच.

ही दहा मिनिटे रिकामी गेली, तर तुमचा धीर सुटणारच, कारण बाहेर रुग्ण थांबलेले असतात आणि मदतनीस तुमच्याकडे पाहत असतो. म्हणून या वेळेत करायची कामे आधीच ठरवा. एक्स-रे पुन्हा पाहून गराच्या पोकळीचे छत दाताच्या माथ्यापासून किती खोल आहे ते मोजा आणि बरवर तेवढी खूण मनात धरा. रबर डॅमची क्लँप निवडा. रुग्णाला पुढचे टप्पे सांगा आणि डावा हात वर केला की मी लगेच थांबेन, असे ठरवून घ्या. मग पहिल्यांदा हात वर होईल तेव्हा खरोखरच थांबा. ‘झालेच, अजून दोन सेकंद’ असे एकदा म्हटलेत, की त्या रुग्णाच्या लेखी तुमच्या बोलण्याला किंमत उरत नाही.

पायरी चौथी: बधिर झाल्याची खात्री दाढेकडून घ्या

सव्वादहा वाजता ओठ पूर्ण बधिर झाला. दहा पंचविसाला तोच थंड बोळा तुम्ही दाढेवर ठेवला आणि रुग्णाच्या कपाळावर आठी पडली. थंड जाणवते आहे. येथे दोन अगदी वेगळ्या परिस्थिती असतात, आणि त्यांतला फरक ओळखणे हेच या कामाचे मर्म आहे.

पंधरा मिनिटांनीही ओठच बधिर झाला नसेल, तर औषध चुकीच्या जागी पडले आहे. सुईची दिशा सुधारून ब्लॉक पुन्हा द्या.

ओठ पूर्ण बधिर आहे आणि तरीही दाढ थंडाला प्रतिसाद देते आहे, तर औषध योग्य जागीच पोहोचले आहे. अशा वेळी तोच ब्लॉक दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा देऊन फारसे साधत नाही. सुजलेल्या गरातील मज्जातंतूंचा स्वभाव बदललेला असतो: त्यांच्यात अशा सोडियम वाहिन्या वाढलेल्या असतात की ज्यांच्यावर आपली नेहमीची औषधे कमी परिणाम करतात, आणि दोन रात्री न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसाची वेदना सहन करण्याची ताकदही घटलेली असते. म्हणूनच निरोगी दाढ सहज बधिर करणारा तोच ब्लॉक ठणकत्या दाढेत वारंवार अपुरा पडतो. यात तुमच्या हाताचा दोष असेलच असे नाही, आणि रुग्णाचा तर नाहीच. ‘तुम्हांला उगाच भास होतोय’ हे वाक्य मला कोणत्याही दवाखान्यात ऐकायला आवडणार नाही.

पायरी पाचवी: पूरक इंजेक्शन, ठरलेल्या क्रमाने

आम्ही शिकत होतो तेव्हा पुन्हा ब्लॉक देणे हेच याचे सर्वसाधारण उत्तर होते. खालच्या दाढेच्या बाहेरचे हाड इतके घट्ट असते की तेथे गालाच्या बाजूने हिरडीत औषध सोडून प्रौढ माणसात काही उपयोग होत नाही, असे आम्हांला ठामपणे सांगितले जात असे. लिग्नोकेनपुरते ते बरेचसे खरेही होते. आर्टिकेन हे औषध 1976 मध्ये जर्मनीत वापरात आले, पण खालच्या पहिल्या दाढेजवळ 4 टक्के आर्टिकेन सोडले तर ते हाडातून पुरेसे झिरपते, हे पद्धतशीर तुलनेने दाखवणारे अभ्यास 2006-07 च्या सुमारास पुढे आले. ज्यांनी पदवीनंतर पुस्तक मिटले, त्यांचे रुग्ण त्यानंतरही तीन-तीन ब्लॉक सोसत राहिले.

तेव्हा आपल्या रुग्णाच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला, मुळांच्या टोकांच्या पातळीवर, आर्टिकेनचे एक कार्ट्रिज सावकाश सोडा. हिशेब पाहा: 1.8 मिलिलिटरमध्ये 72 मिलिग्रॅम झाले, आणि दर किलोला 7 मिलिग्रॅमच्या मर्यादेने या रुग्णाला 385 मिलिग्रॅम चालतात, म्हणजे मर्यादेचा साधारण पाचवा भाग वापरला गेला. ब्लॉकसाठी लिग्नोकेनची दोन कार्ट्रिज गेली असतील, तर त्या मर्यादेचेही सुमारे तीस टक्के संपले आहेत. दोन वेगळी औषधे दिली म्हणजे दोन स्वतंत्र मर्यादा मिळत नाहीत. हे दोन्ही हिस्से एकत्र मोजायचे, आणि ते येथे साधारण निम्म्यावर येतात. पुन्हा पाच ते दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा थंड बोळा ठेवा.

तरीही जाणवत असेल, तर दात आणि हाड यांच्या मधल्या फटीत औषध सोडण्याची पद्धत वापरा. सुई हिरडीच्या कडेतून मुळाला लागून खाली सरकवायची, घट्ट बसेपर्यंत, आणि दर मुळाला जेमतेम 0.2 मिलिलिटर औषध जोर लावून सोडायचे. येथे तुमचा अंगठा तुम्हांला सगळे सांगतो. दट्ट्या ढकलताना चांगलाच विरोध जाणवला, तर औषध योग्य जागी जाते आहे. तो सहज सरकला आणि हिरडीच्या कडेने थेंब वर आला, तर सुई बसलेलीच नाही, तिची जागा बदला. याचा परिणाम जवळजवळ लगेच दिसतो, पण तो फार काळ टिकत नाही, म्हणून सर्व साहित्य हाताशी असल्याखेरीज हे इंजेक्शन देऊ नका.

गर उघडल्यावर थेट त्यातच इंजेक्शन देणे हा शेवटचा उपाय आहे. तो परिणामकारक असला, तरी पहिला क्षण फार दुखतो, आणि ते रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. हा उपाय अनेकजण पहिलाच म्हणून वापरतात, कारण त्यात थांबावे लागत नाही. मी तो संयमाच्या अभावाचा पुरावा मानतो, आणि याबाबतीत माझे मत कडक आहे.

एवढे करूनही दाढ बधिर झाली नाही, तर त्या दिवशी काम थांबवण्याचा अधिकार तुम्हांला आहे. तात्पुरते औषध भरा, रुग्णाला चालत असेल तर वेदना आणि सूज कमी करणारी गोळी द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तो झोप घेऊन आलेला असताना, नव्याने सुरुवात करा.

थांबणे चूक ठरते अशा वेळा

संयमाचे गुणगान करताना ही बाजू सांगायची राहून जाते. रुग्णाच्या जिभेखालची जागा फुगून जीभ वर उचलली गेली असेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तोंड नीट उघडत नसेल आणि अंगात ताप असेल, तर ‘गोळ्या घ्या, दोन दिवसांनी या’ असे सांगणे जिवावर बेतू शकते. ही सूज श्वासमार्ग बंद करू शकते. सुई खाली ठेवा आणि रुग्णाला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात पाठवा, शक्य तर सोबत माणूस देऊन आणि तेथे आधी फोन करून.

तोंडातील जखमेचेही तसेच. टोकदार दात घासून किंवा टोचणारी कवळी दुरुस्त करून जखम भरण्याची वाट पाहावी, पण दोन आठवडे. त्यापुढे ती राहिली, तर तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. वाट पाहण्याची शेवटची तारीख सुरुवातीलाच रुग्णाच्या कागदावर लिहिली, तर हा नियम आपोआप पाळला जातो.

वही, आणि नवे वाचण्याची पद्धत

आता शिकत राहण्याविषयी. परिषदांना जा, अभ्यासक्रम करा, त्याला माझी हरकत नाही; पण तुमचा पहिला शिक्षक तुमची स्वतःची वही असेल. दर ब्लॉकसाठी एक ओळ पुरे: कोणती दाढ, निदान काय, औषध कोणते व किती, इंजेक्शन संपल्याची वेळ, ओठ बधिर झाल्याची वेळ, थंड चाचणी बंद झाल्याची वेळ, आणि पूरक काय लागले. आपल्या रुग्णाची ओळ अशी दिसेल: ‘खालची उजवी पहिली दाढ, गराची न परतणारी सूज, लिग्नोकेन 2 कार्ट्रिज, 10.10, ओठ 10.15, 10.25 ला थंड जाणवते. आर्टिकेन 1 कार्ट्रिज 10.28, 10.36 ला थंड नाही, काम विनावेदना.’ रुग्णाचे नाव या वहीत लिहू नका, ते त्याच्या केसपेपरवर असते.

तीसेक ओळी झाल्या की वही उघडून बसा. ज्या नोंदींत ओठच बधिर झाला नाही, त्या एका बाजूला काढा. त्या बहुतेक एकाच बाजूच्या जबड्याच्या असतील, तर तुमच्या उभे राहण्याच्या जागेत किंवा मनगटाच्या कोनात खोट आहे, आणि ती एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला शेजारी उभे करून दुरुस्त होते. ओठ बधिर पण दाढ जागी, अशा नोंदी जास्त असतील, तर तुमचा हात ठीक आहे आणि प्रश्न ठणकत्या दाढांचा आहे; तेथे पूरक इंजेक्शनची तयारी आधीपासून ठेवायला हवी. हे उत्तर कोणतेही पुस्तक तुम्हांला देऊ शकत नाही, कारण पुस्तकाला तुमचे मनगट माहीत नसते.

या वहीची दुसरी नोंद वर्षभराने होते. रूट कॅनल केलेल्या दाढेचा एक्स-रे निदान एक वर्षाने काढायचा असतो. मुळाच्या टोकाशी आधी काळा डाग असेल आणि तो लहान झालेला पण पूर्ण गेलेला नसेल, तर आणखी वाट पाहायची असते. हाड भरून यायला चार वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला म्हणून रुग्णाला लक्षणे नसताना काम उकरून काढणारा आणि रुग्णाला पुन्हा कधीच न बोलावणारा, हे दोघेही आपल्या कामाविषयी सारखेच अज्ञानात राहतात.

औषध कंपनीचा प्रतिनिधी किंवा एखादा लेख नव्या औषधाविषयी दावा करील, तेव्हा आजच्या याच दाढेच्या आधाराने तीन गोष्टी विचारा. अभ्यासातील दाढा निरोगी होत्या की ठणकत्या? बधिरीकरणाचे बरेच अभ्यास निरोगी दाढा असलेल्या स्वयंसेवकांवर होतात, आणि तेथील यश तुमच्या खुर्चीवर जसेच्या तसे मिळत नाही. दुसरे, यश कशाला म्हटले आहे: ओठ बधिर होण्याला, विजेच्या चाचणीला प्रतिसाद न मिळण्याला, की दाढ उघडताना न दुखण्याला? आणि तिसरे, तुलना कशाशी केली: काहीच न देण्याशी, की तुम्ही आज जे देता त्याच्याशी? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखाच्या सारांशात मिळाली नाहीत, तर पद्धतीचा भाग वाचा. तो कंटाळवाणा असतो, पण अर्ध्या तासात वाचून होतो.

वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, रकाने आखलेले आहेत. इंटर्नशिपमध्ये दिलेल्या ब्लॉकपैकी ज्यांच्या वेळा तुमच्या केसपेपरवर सापडतील, त्यांच्या ओळी आजच भरून टाका, म्हणजे पहिले पान कोरे राहणार नाही.